शिवराईची कड आणि तिची सावली

शिवराई सहसा नेमकी गोल नसते. शिवाजी महाराजांच्या नावाच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे तीन ओळींत असतात, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ ही अक्षरे दोन ओळींत, आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. पण हे सगळे एकाच नाण्यावर पूर्ण सापडणे दुर्मीळ. तांब्याची चकती हाताने तोडलेली असायची, तिच्यावर मारायचा ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असायचा आणि घाव नेहमी मध्यावर बसत नसे. त्यामुळे कुठे ‘श्री’चा वेलांटीकडचा भाग निसटलेला, कुठे ठिपके फक्त एका अंगाला उमटलेले, कुठे कड तिरकी तुटलेली. अभ्यासकासाठी ही वेडीवाकडी कड हा पुरावा असतो. चकती कशी तोडली, ठसा कुठे सरकला, नंतर कोणी कडेचे तांबे कापून घेतले का, हे सारे तिच्यावरून वाचता येते.

म्हणूनच संग्रहालयाच्या सूचीसाठी अशा नाण्याचा स्कॅन करून त्यामागची पार्श्वभूमी काढून टाकायची असते तेव्हा खरे काम त्या कडेवर असते. आणि कडेला चिकटून बसलेली असते सावली. ती नाण्याचा भाग नाही, कारण ती तांबे नाही. ती निव्वळ पार्श्वभूमीही नाही, कारण नाणे उचलले तर ती नाहीशी होते. संगणकाला मात्र काळपट तपकिरी तांबे आणि तपकिरी-करडी सावली यांतला फरक समजत नाही. GIMP मधले `Fuzzy Select` हे साधन पांढऱ्या भागावर टिचकी मारून चालवले, तर उजेडाच्या बाजूला निवड बरोबर कडेपाशी थांबते. सावलीच्या बाजूला ती एक तर सावलीच्या बाहेरच थांबते आणि सावली नाण्याला जोडून टाकते, नाही तर सहनशीलतेचा आकडा वाढवला की सावली पार करून थेट तांब्यात शिरते आणि ठिपके खाते. मधला योग्य आकडा शोधत बसण्यात अर्थ नसतो. कडेच्या एका भागाला जो आकडा चालतो तो दुसऱ्या भागाला चालत नाही.

यातून होणारी चूक किती मोठी असते ते मोजून पाहू. समजा हातातली शिवराई ११ ग्रॅम वजनाची आणि साधारण २० मिलिमीटर व्यासाची आहे. तांब्याची घनता घनसेंटीमीटरला सुमारे ८.९ ग्रॅम धरली, तर या नाण्याची सरासरी जाडी जवळजवळ ४ मिलिमीटर निघते. आजच्या नाण्यांच्या मानाने हा ठोकळाच म्हणायचा. इतकी जाड वस्तू स्कॅनरच्या काचेवर ठेवली की तिची सावली सहज एक-दोन मिलिमीटर रुंद पडते. १२०० डीपीआयला २० मिलिमीटरचे नाणे सुमारे ९४५ पिक्सेल रुंद येते, म्हणजे एका मिलिमीटरला ४७ पिक्सेल. सावलीचा अर्धा मिलिमीटर जरी मास्कमध्ये राहिला, तरी कडेला २३-२४ पिक्सेलचे खोटे तांबे चिकटते. मग पानावर चित्राशेजारी व्यास २० मिलिमीटर छापलेला असतो आणि पट्टी लावून मोजणाऱ्याला साडेवीस मिळतात.

स्कॅनरमध्ये सावली कुठून येते

कॅमेऱ्याने फोटो काढताना नाणे कापडावर ठेवलेले असते आणि सावली त्या कापडावर, नाण्याच्या बुडाशी पडते. फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये सगळा मामला उलटा असतो. नाण्याची जी बाजू हवी ती खाली, काचेला टेकलेली. दिवा आणि संवेदक काचेखालून सरकत जातात. नाण्याच्या पाठीमागे झाकण किंवा कागद असतो, तोही नाण्याच्या जाडीइतका काचेपासून दूर. सावली पडते ती त्या पाठीमागच्या कागदावर. म्हणून स्कॅनमधली सावली नाण्याच्या बुडाशी पडलेली नसते. चित्रात ती कडेला लागूनच दिसते, पण थोडी मागे पडलेली आणि थोडी धूसर असते.

बहुतेक घरगुती आणि कार्यालयीन स्कॅनरमध्ये दिवा संवेदकाच्या एकाच बाजूला असतो. तो सरकतो, पण त्याची बाजू बदलत नाही. त्यामुळे काचेवर नाणे कुठेही ठेवा, सावली नेहमी त्याच दिशेला पडते. काही यंत्रांत दोन्ही बाजूंना दिवे असतात. त्यांत सावली दोन्हीकडे फिकट येते आणि नाण्याचा उठावही सपाट दिसतो. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे एक चाचणी-स्कॅन लगेच सांगतो.

सावलीची दिशा ठरलेली असते याचे दोन उपयोग आहेत. पहिला उठावासाठी. नाण्याच्या चित्रात उजेड वरून आल्यासारखा दिसायला हवा. तो खालून आला तर अनेकांच्या डोळ्यांना उठावाची अक्षरे खोदल्यासारखी वाटतात. म्हणून चाचणीत सावली कुठे पडते ते पाहायचे आणि अक्षरे सरळ वाचता येतील अशा स्थितीत सावली खाली येईल, असे नाणे काचेवर फिरवून ठेवायचे. संगणकावर नंतर चित्र फिरवले तर उजेडही त्याच्याबरोबर फिरतो, हे विसरता कामा नये. दुसरा उपयोग कड शोधण्याचा, आणि तो या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

स्कॅनची तयारी

नाणे साफ करायला घेऊ नये. तांब्यावरचा काळसर किंवा हिरवट थर हा त्याच्या वयाचा भाग आहे, चिंच-मीठ किंवा पॉलिश लावले की तो कायमचा जातो. फार तर मऊ ब्रशने सुटी धूळ झटकावी, नाणे कडेला धरावे आणि काचेवर अलगद टेकवावे, सरकवू नये. सरकवले की काचेवर ओरखडा उठतो आणि तो पुढच्या प्रत्येक स्कॅनमध्ये दिसतो.

नाण्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे अंतर सोडून, ५ मिलिमीटर जाडीच्या फोमबोर्डच्या पट्ट्या ठेवाव्यात. पाठीमागचा कागद या पट्ट्यांवर टेकतो, नाण्यावर नाही. कागद बदलताना नाणे जागचे हलू नये यासाठी ही व्यवस्था. एका कोपऱ्यात मिलिमीटरची पट्टी आणि करड्या छटांची पट्टी काचेकडे तोंड करून चिकटवून ठेवावी. पहिली मापासाठी आणि दुसरी दोन स्कॅनमध्ये उजेड सारखाच नोंदला गेला का ते तपासण्यासाठी.

स्कॅनरच्या खिडकीत १२०० डीपीआय, रंगाला ४८ बिट आणि टिफ फाइल निवडावी. छपाईसाठी यापेक्षा कमी पुरले असते. नाणे दुप्पट मोठे करून ३०० डीपीआयला छापायचे तर ६०० डीपीआयचा स्कॅन पुरतो. पण कड मोठ्या चित्रावर कापून नंतर चित्र लहान केले, की कापण्यातली बारीकसारीक खरखर त्या आकुंचनात मिटून जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वयंचलित उजेड, स्वयंचलित रंग आणि धार वाढवण्याचे सगळे पर्याय बंद करायचे. धार वाढवणारे साधन कडेभोवती पांढरी रेघ उमटवते, आणि ती रेघ पुढे कितीही धुतली तरी जात नाही.

एक नाणे, दोन पाठी

आता मुख्य युक्ती. नाणे अजिबात न हलवता दोन स्कॅन घ्यायचे. एक पाठीमागे पांढरे कार्ड ठेवून, दुसरा काळे मखमल चिकटवलेले कार्ड ठेवून. काळ्या कागदापेक्षा मखमल बरे, कारण काळा कागदही बराच उजेड परत पाठवतो. मग नाणे उचलून त्याच दोन कार्डांचे दोन रिकामे स्कॅन घ्यायचे, म्हणजे कार्ड कुठे किती उजळ होते याची नोंद राहते.

दोन वेगळ्या पार्श्वभूमींवरून वस्तूची पारदर्शकता काढण्याचे गणित अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ साली आपल्या निबंधात मांडले. त्यामागचा विचार साधा आहे. जिथे भरीव तांबे आहे तिथे मागे पांढरे असो वा काळे, पिक्सेल सारखाच येणार. जिथे काहीच नाही तिथे तो एकदा पांढरा आणि एकदा काळा येणार. म्हणजे दोन स्कॅनमधला फरक जितका कमी, तितकी ती जागा झाकलेली. सूत्र असे:

```
alpha = 1 - (W - B) / (W0 - B0)
color = (B - (1 - alpha) * B0) / alpha
```

इथे `W` म्हणजे पांढऱ्या कार्डावरच्या स्कॅनमधील त्या पिक्सेलचा उजेड, `B` काळ्यावरचा आणि `W0`, `B0` हे रिकाम्या कार्डांचे. `alpha` १ असेल तर जागा पूर्ण झाकलेली, ० असेल तर पूर्ण मोकळी. `alpha` ० असेल तिथे रंग काढायचा नसतो.

हे सूत्र सावलीबाबत काय करते ते तीन पिक्सेल घेऊन पाहू. पांढरे कार्ड १०० पैकी ८० भाग उजेड परत देते, मखमल २ आणि तांबे १५, असे धरू. रिकाम्या जागेतला फरक झाला ७८.

पहिला पिक्सेल नाण्याच्या पोटातला. पांढऱ्यावर १५, काळ्यावर १५. फरक शून्य, म्हणून `alpha` १ आणि रंग १५. तो तांब्याचाच.

दुसरा पिक्सेल नेमका कडेवरचा, अर्धा तांबे आणि अर्धा मोकळा. पांढऱ्यावर साडेसात अधिक चाळीस, म्हणजे ४७.५. काळ्यावर साडेसात अधिक एक, म्हणजे ८.५. फरक ३९, `alpha` अर्धा. रंग काढला तर ८.५ वजा १ भागिले अर्धा, म्हणजे पुन्हा १५. कडेवरचा पिक्सेल अर्धा पारदर्शक असला तरी त्यातून पांढरेपणा पूर्ण गळून निखळ तांबे हाती आले.

तिसरा पिक्सेल सावलीतला. तिथे निम्माच उजेड पोचतो. पांढऱ्या कार्डावर ४०, काळ्यावर १. फरक पुन्हा ३९ आणि `alpha` पुन्हा अर्धा. पण रंग काढला तर १ वजा १, म्हणजे शून्य. निखळ काळा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पिक्सेलची पारदर्शकता अगदी सारखी आहे. नुसती पारदर्शकता पाहणाऱ्याला ते ओळखू येणार नाहीत. फरक रंगात उघड होतो. कडेला तांब्याचा रंग आहे, सावलीला कोणताच रंग नाही. सावली म्हणजे अर्धपारदर्शक काळे, एवढेच. म्हणून ती वेगळ्या थरात काढून कोणत्याही रंगाच्या पानावर पुन्हा अंथरता येते. केवळ पांढऱ्या कार्डावरून कापलेल्या सावलीत कार्डाचा पांढरेपणा मिसळलेला असतो. ती फिकट पिवळ्या कागदाच्या पानावर ठेवली की नाण्याभोवती राखट ठिगळ दिसते.

हे आकडे प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणातले आहेत. स्कॅनरची फाइल तसे आकडे ठेवत नाही. तिथे डोळ्याला जुळेल असा वक्र लावलेला असतो, ज्यात निम्मा उजेड २५५ पैकी १२७ न येता सुमारे १८८ येतो. त्या आकड्यांची तशीच वजाबाकी केली तर सावली आणि कड दोन्ही चुकीच्या जाडीच्या येतात. GIMP मध्ये चित्र ३२ बिटचे करून `Linear light` निवडावे. थर एकमेकांवर ठेवून `Difference` लावायचा असेल तर थराचा `Blend Space` हा `RGB (linear)` असावा.

दोष कसे ओळखायचे

दोन स्कॅनचा फरक काढला की नाण्याचा पूर्ण चेहरा काळाभोर दिसला पाहिजे. तिथे अक्षरांच्या बाह्यरेषा कोरल्यासारख्या उमटल्या, तर कार्ड बदलताना नाणे हलले आहे. एखाद्या पिक्सेलचे हलणे थर सरकवून दुरुस्त करता येते. नाणे फिरले असेल तर पुन्हा स्कॅन करणे कमी वेळाचे. अक्षरे दिसत नाहीत, पण सगळा चेहराच राखी झाला आहे, तर यंत्राने दोन स्कॅनना वेगळा उजेड लावला आहे. कोपऱ्यातल्या करड्या पट्टीचे आकडे जुळवून पाहिले की याची खात्री पटते.

तिसरा दोष फसवा असतो. पांढरे कार्ड स्वतःच उजेड परत फेकते आणि त्यातला थोडा नाण्याच्या कडेवर पडतो. काळ्या कार्डावर हे होत नाही. त्यामुळे कडेलगतचे तांबे पांढऱ्या स्कॅनमध्ये किंचित उजळ येते आणि सूत्राला वाटते की तिथे नाणे थोडे पारदर्शक आहे. पांढऱ्या पानावर हे कळतही नाही. म्हणून मास्क तयार झाला की त्याखाली भडक लाल रंगाचा थर घालून पाहावे. भरीव तांब्यातून कुठे लाल झिरपताना दिसले, तर `Levels` मध्ये मास्कचे उजळ टोक आत ओढावे, म्हणजे ९५ टक्क्यांपुढचे सगळे पूर्ण अपारदर्शक होते. त्यापुढे राहिलेले डाग पांढऱ्या ब्रशने मास्कवर भरून टाकावेत. छिद्र पाडून गळ्यात घातलेली जुनी नाणी पुष्कळ सापडतात. तसे छिद्र असेल तर ब्रश तिथे फिरवायचा नाही. त्या छिद्रातून मागचे पान दिसलेच पाहिजे.

नाणे उलटे फिरवून कड पक्की करणे

एवढे होऊनही सावलीकडच्या बाजूला एक अडचण उरते. तिथल्या कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धे तांबे आणि अर्धी मोकळी जागा नसते. अर्धे तांबे आणि अर्धी सावली असते. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर पांढऱ्यावर २७.५ आणि काळ्यावर ८ येतात. त्यातून `alpha` निघतो पाऊण आणि रंग १०. म्हणजे सूत्राने कड आणि सावली यांचे मिश्रण करून काळपट, थोडी जाड कड हाती दिली. जुन्या तांब्याचा थर मुळातच काळा असेल तर १० आणि ० यांतला भेदही पुसट होतो.

सावलीची दिशा यंत्राशी बांधलेली असते, नाण्याशी नसते, ही गोष्ट इथे कामाला येते. नाणे काचेवर त्याच बाजूने, पण अर्धा फेरा फिरवून ठेवायचे आणि पुन्हा पांढऱ्या व काळ्या कार्डावर स्कॅन घ्यायचे. या वेळी आधीची सावलीतली कड उजेडात येते आणि उजेडातली सावलीत जाते. दुसऱ्या जोडीवरून मास्क काढायचा, तो संगणकावर अर्धा फेरा उलट फिरवायचा आणि अक्षरांवर अक्षरे बसतील असा पहिल्यावर जुळवायचा. हाताने ठेवताना अर्धा फेरा नेमका १८० अंश होत नाही, म्हणून अंश-दीड अंशाचे बारीक फिरवणे इथे करावेच लागते.

आता दोन्ही मास्क एकावर एक ठेवून वरच्याला `Darken only` लावायचे. दोन्ही मास्कमध्ये जिथे नाणे आहे तेवढेच पांढरे राहते. पहिल्यातली सावली दुसऱ्यात नसते, दुसऱ्यातली पहिल्यात नसते, म्हणून दोन्ही सावल्या गळून पडतात. उरतो तो नाण्याचा स्वतःचा आकार, दोन्ही अंगांना उजेडात पाहून ठरवलेला. हा मास्क पहिल्या स्कॅनच्या रंगाला लावायचा. दुसऱ्या स्कॅनमधून फक्त आकार घ्यायचा, रंग नाही, कारण त्यात उजेड उलट्या बाजूने आलेला आहे आणि अक्षरांचा उठाव उलटा दिसेल.

दोन दिव्यांच्या स्कॅनरवर मात्र ही युक्ती अपुरी पडते, कारण तिथे दोन्ही बाजूंना फिकट सावली कायम राहते. त्या यंत्रावर आणि फारच काळ्या पडलेल्या नाण्यांवर शेवटी `Paths` हे साधन घेऊन हाताने कड आखावी लागते. चित्र ३००-४०० टक्के मोठे करून, बिंदू कडेच्या बाहेर न टाकता एखादा पिक्सेल आत टाकत जायचे. रेषेची निवड अर्ध्या-एक पिक्सेलने मऊ करायची, त्याहून जास्त नाही. ठिपक्यांच्या वर्तुळातला एखादा अर्धा ठिपका कडेवर असेल तर तिथे बिंदू दाट टाकावेत. कड गुळगुळीत दिसावी म्हणून तो ठिपका ओलांडून सरळ वक्र मारण्याचा मोह होतो, पण तसे केले की एका तुटक्या चकतीची साफसूफ चकती होते आणि पुरावा गेला.

कड बरोबर आली का याची शेवटची पडताळणी मागच्या बाजूच्या चित्राने होते. एकाच नाण्याच्या दोन बाजूंचे बाह्याकार एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. मागच्या बाजूचा मास्क आडवा उलटून, फिरवून पुढच्यावर ठेवला की दोन्ही जुळायला हवेत. तिरक्या तुटलेल्या कडेपाशी थोडा फरक राहणे स्वाभाविक आहे. तुटक नसलेल्या जागी फुगवटा दिसला, तर तिथे अजून सावली शिल्लक आहे.

सावली ठेवायची की काढायची

नाणे सावलीविना मिळाले आणि सावलीही स्वतंत्र थरात मिळाली. आता पानावर ती घ्यावी का? नाण्यांच्या सूचीत सहसा घेऊ नये. नाणे दोन मितींत वाचले जाते. वाचणारा अक्षरे, ठिपके आणि बाह्याकार पाहतो, आणि सावली बाह्याकाराला एका अंगाने जाड करते. पूर्वी मोठ्या संग्रहालयांच्या सूचींत नाण्यांऐवजी त्यांच्या प्लास्टरच्या ठशांचे फोटो छापत, कारण प्लास्टर एकरंगी असल्याने डाग आणि चकाकी आड येत नसे, फक्त आकार दिसे. आजच्या पानावरही तोच उद्देश आहे.

शिवाय स्कॅनरची सावली मागच्या कार्डावर पडलेली असते. पानावर ठेवलेल्या नाण्याची सावली तशी पडत नाही. ती ठेवली तर नाणे कागदाच्या वर तरंगल्यासारखे दिसते. पितळी समई, मातीचे भांडे अशा वस्तूंची गोष्ट वेगळी. समईला बूड आहे आणि ती कशावर तरी उभी आहे. तिची टेकल्या जागेची सावली काढली तर ती हवेत लटकते आणि बैठकीचा आकारच कळत नाही. पण अशा उंच वस्तू स्कॅनरचे काम नाही. त्यांचे फोटो कॅमेऱ्यानेच काढावेत आणि बुडाशी पडलेली खरी सावली, तीही फक्त करड्या छटेत, `Multiply` थरात ठेवावी. करड्या छटेत अशासाठी, की सावलीला टेबलाचा किंवा खोलीतल्या दिव्याचा रंग लागलेला असतो आणि तो छपाईत मळकट निळा किंवा पिवळा उतरतो.

सावली संगणकावर नव्याने रंगवायची असेल तर एका सूचीत सगळ्या वस्तूंना एकाच दिशेची, एकाच मऊपणाची द्यावी आणि सुरुवातीच्या टिपेत तसे लिहावे. एका पानावर दोन दिशांच्या सावल्या आल्या की वाचणारा वस्तू पाहण्याऐवजी दिवा कुठे होता ते शोधू लागतो. आणि रंगवलेली सावली खरी समजून तिच्यावरून कोणी वस्तूची जाडी अजमावली तर तो दोष सूचीचा असतो.

पानावर मांडणी आणि जपणूक

शिवराईच्या पानावर दोन्ही बाजू शेजारी, एकाच मापात आणि शक्यतो प्रत्यक्ष आकारात असाव्यात. बारकाव्यासाठी दुप्पट आकाराचे चित्र द्यायचे तर ते वेगळे आणि ‘दुप्पट’ असे लिहून. अक्षरे सरळ वाचता येतील अशीच दोन्ही चित्रे फिरवायची, पण मग दोन ठसे एकमेकांशी कसे वळलेले होते ही माहिती चित्रातून निघून जाते. ती घड्याळाच्या काट्याच्या स्थितीने मजकुरात द्यावी, वजन आणि दोन व्यासांसह. वेड्यावाकड्या नाण्याला एक व्यास पुरत नाही. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान, दोन्ही द्यावेत.

पानासाठी चित्र निर्यात करताना जेपीईजी वापरले तर पारदर्शकता टिकत नाही, नाण्याभोवती पांढरा चौकोन येतो आणि कडेला कुरतडल्यासारखे डाग पडतात. टिफ किंवा पीएनजी ठेवावे. धार वाढवायची असेल तर ती अगदी शेवटी, छपाईच्या आकाराला आल्यावर, आणि फक्त नाण्याच्या थरावर. मास्कवर कधीही नाही.

मूळ स्कॅन, म्हणजे पांढरे, काळे, रिकामे आणि फिरवलेले, सगळे जसेच्या तसे नोंदणी क्रमांकासह जपावेत. त्यांवर काहीही कापू नये, फिरवू नये. नाण्याच्या नोंदीत एक ओळ लिहावी, की पार्श्वभूमी आणि सावली काढली आहे, कड दोन स्थितींतील स्कॅनवरून किंवा हाताने ठरवली आहे. उद्या कोणाला शंका आली, की या शिवराईची उजवी कड खरोखर कापलेली आहे की चित्र कापणाऱ्याने कापली, तर त्याचे उत्तर छापील पानात मिळणार नाही. ते त्या न कापलेल्या स्कॅनमध्ये मिळेल, जिथे सावली अजून तिच्या जागी आहे आणि तिची दिशा पाहून तांबे कुठे संपते ते पुन्हा ठरवता येते.